कोकाची पानं आणि कोकेन पावडर: झाड एकच, मग फरक नेमका कुठे पडतो?

पेरू किंवा बोलिव्हियाच्या सहलीचा एखादा व्हिडिओ पाहिला, की त्यात हमखास एक दृश्य असतं. विमानतळाजवळच्या हॉटेलात हिरव्या पानांची टोपली ठेवलेली असते, पाहुणा चार पानं तोंडात टाकतो आणि खाली कमेंटमध्ये वाद सुरू होतो. कुणी म्हणतं, "हे तर उघडउघड कोकेन आहे." दुसरा म्हणतो, "चहासारखं असतं हो, काही होत नाही." दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे, आणि दोघांचंही म्हणणं अर्धवट आहे.

कोका हे अँडीज पर्वताच्या उतारांवर वाढणारं झुडूप. त्याच्या पानात कोकेन हे अल्कलॉइड निसर्गतःच असतं. तेव्हा पानात कोकेन नसतं, हा दावा चूक. मात्र पान चघळणं आणि पावडर नाकाने ओढणं या दोन गोष्टी शरीरात फार वेगळ्या घडतात. तो फरक कशामुळे पडतो, हे समजायला बोलिव्हियातल्या पोतोसी शहरातलं उदाहरण सोयीचं आहे.

खाणकामगाराच्या गालातला बार

पोतोसी समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरहून उंचावर आहे. शहराला लागूनच सेरो रिको हा डोंगर आहे. स्पॅनिश राजवटीत जगभर गेलेली चांदी याच डोंगरातून निघाली आणि खाणी आजही चालू आहेत. कामगार सकाळी आत शिरण्याआधी बाहेर बसून कोकाचा बार भरतात. 'बार' हा शब्द इथे अगदी चपखल बसतो, कारण पद्धत आपल्याकडच्या तंबाखूच्या बाराशी जुळणारी आहे.

एकेक सुकं पान घ्यायचं, मधली शीर बऱ्याचदा काढून टाकायची, पान दातांनी हलकंसं दाबून गालात सरकवायचं. असं करत करत गालात लिंबाएवढा गोळा होतो. खरं तर हे चावणं नव्हेच, गालात धरून ठेवणं आहे. बोलिव्हियात याला आकुयिको म्हणतात. गोळा ओला झाला की त्याला युख्ता किंवा यिप्ता नावाची राखेची वडी लावतात. क्विनोआसारख्या वनस्पतींची ताटं जाळून ती राख बनवलेली असते. काही भागांत राखेऐवजी चुना वापरतात, आणि हल्ली खाण्याचा सोडाही.

या राखेशिवाय बाराला फारसा अर्थ नसतो. पानातलं कोकेन आम्लाशी बांधलेल्या, म्हणजे क्षाराच्या रूपात असतं. त्या रूपात ते गालाच्या आतल्या पातळ त्वचेतून सहजी आरपार जात नाही. राखेमुळे लाळ अल्कधर्मी होते, कोकेन मोकळं होतं आणि गालातून थेट रक्तात उतरू लागतं. तंबाखूला चुना मळण्यामागचं रसायनही हेच, फक्त तिथे मोकळं होणारं द्रव्य निकोटीन असतं. गालातून शोषलं गेलेलं द्रव्य आधी यकृतात जात नाही, त्यामुळे तिथे त्याची मोडतोड होण्यापूर्वीच ते शरीरभर पोहोचतं. रसासोबत गिळला गेलेला भाग मात्र आतड्यामार्गे यकृतातून जातो आणि तिथे त्यातला बराचसा कमी होतो.

काही मिनिटांत गाल आणि जीभ बधिर होते. त्यानंतर भूक मंदावते, थकवा कमी जाणवतो, लक्ष टिकतं. दोन-तीन तासांनी चव गेली की कामगार चोथा थुंकतो आणि नवा बार भरतो. अँडीजमध्ये पूर्वी अंतरही यावरून मोजलं जाई. एका बारात माणूस जेवढं चालेल, ती एक 'कोकादा'.

हिशेब करून पाहू

सुक्या पानात वजनाच्या साधारण अर्धा ते एक टक्का कोकेन असतं. जात, उंची आणि साठवण यांनुसार ते बदलतं. हिशेबापुरतं ०.६ टक्के धरू. आपल्या कामगाराने एका बारात १० ग्रॅम पानं वापरली, तर त्यात ६० मिलिग्रॅम कोकेन आलं. सगळं काही बाहेर पडत नाही, थोडं चोथ्यात राहतं. समजा अडीच तासांत ४५ मिलिग्रॅम बाहेर पडलं. म्हणजे दर मिनिटाला सुमारे ०.३ मिलिग्रॅम.

आता दुसऱ्या टोकाला एखाद्या पार्टीतली पावडरची एक रेघ घ्या. पावडर ५० मिलिग्रॅम आणि तिची शुद्धता ७० टक्के धरली, तर एका श्वासात ३५ मिलिग्रॅम कोकेन नाकात गेलं. कामगाराच्या तोंडात तेवढं मोकळं व्हायला जवळपास दोन तास लागतात.

याच हिशेबात एक अडचणीची गोष्ट लपलेली आहे आणि "पान म्हणजे चहा" म्हणणारे ती सहसा सांगत नाहीत. कामगाराने दिवसभरात तीन बार भरले, तर त्या ३० ग्रॅम पानांमध्ये १८० मिलिग्रॅम कोकेन होतं. ही मात्रा क्षुल्लक नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस संशोधकांनी पानं चघळणाऱ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा त्यात कोकेन व्यवस्थित मोजता येईल एवढं सापडलं. काही जणांमध्ये तर ते नाकाने छोटी मात्रा घेणाऱ्यांच्या पातळीच्या जवळपास होतं. म्हणजे पान चघळून मिळतो तो केवळ मनाचा खेळ किंवा नुसती राखेची चव असते, हा समज तेव्हाच मोडला.

मग दिवसाला १८० मिलिग्रॅम घेणारा माणूस उतारवयापर्यंत नीट काम करतो आणि पावडर घेणारा काही वर्षांत व्यसनमुक्ती केंद्रात पोहोचतो, असं का होतं? उत्तर एकूण मात्रेत अर्धंच सापडतं. उरलेलं अर्धं वेगात आहे.

मेंदूला किती मिळालं यापेक्षा किती झटकन मिळालं

मेंदूत डोपामिन नावाचं रसायन एका पेशीतून बाहेर पडून दुसरीला निरोप देतं आणि काम झालं की पहिली पेशी ते परत ओढून घेते. हे परत ओढून घेणारं जे दार आहे, त्यालाच कोकेन बूच लावतं. डोपामिन बाहेर साचून राहतं आणि मेंदू त्याचा अर्थ "आत्ता जे केलंस ते फार मोलाचं होतं, पुन्हा कर" असा लावतो.

अमेरिकन संशोधक नोरा वोल्कोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या स्कॅनवरून कोकेन घेण्याचे तीन मार्ग ताडून पाहिले: नाकाने, शिरेतून आणि धुराने. तिन्ही मार्गांनी या दारांना बूच बसण्याचं प्रमाण बरंचसं सारखं निघालं. तरीही लोकांना जाणवलेली झिंग सारखी नव्हती. ती धुराने घेतल्यावर सर्वांत जास्त होती. बूच किती दारांना बसलं याच्याइतकंच ते किती चटकन बसलं, हेही झिंग ठरवतं, असा त्याचा अर्थ.

मेंदू कृती आणि बक्षीस यांची गाठ मारतो, आणि दोहोंत वेळ जितका कमी तितकी ती गाठ घट्ट. धूर फुप्फुसातून काही सेकंदांत मेंदूपर्यंत जातो. नाकाने ओढलेल्या पावडरचा जोर साधारण पंधरा-वीस मिनिटांत शिगेला पोहोचतो. पानाच्या बारात रक्तातली पातळी चढत चढत कळसाला जायला बऱ्याचदा तास-दीड तास जातो, आणि ती उतरतेही हळूहळू. चढ हळू आणि उतारही हळू, त्यामुळे "अरेरे, संपलं, आता लगेच दुसरं हवं" असा क्षण सहसा येतच नाही.

पावडरचा उतार बरोबर उलट आहे. कोकेनचं रक्तातलं प्रमाण तासाभरात निम्म्यावर येतं, पण झिंग त्याच्याही आधी ओसरते. अर्ध्या तासात मन खाली येतं, चिडचिड होते, आणि ती घालवायला हाताशी सर्वांत सोपा उपाय म्हणजे पुढची रेघ. रात्रभर एकामागून एक रेघा ओढण्याचं चक्र इथूनच सुरू होतं. त्यात एक धोका आणखी आहे. झिंग ओसरली म्हणून पुढची मात्रा घेतली जाते, तेव्हा आधीचं कोकेन रक्तात बऱ्यापैकी शिल्लक असतं. मनाला रिकामं वाटत असलं, तरी हृदयावर थरावर थर चढत जातात.

तोंडाची मर्यादा

पानाला एक निसर्गदत्त लगाम आहे, तो म्हणजे त्याचं आकारमान. पोतोसीतल्या त्या कामगाराला एक ग्रॅम पावडरमध्ये असतं तेवढं, म्हणजे ७०० मिलिग्रॅम कोकेन पानांतून घ्यायचं असेल, तर त्याला जवळजवळ ११७ ग्रॅम पानं लागतील. ३० ग्रॅमच्या हिशेबाने ती चार दिवसांची शिदोरी झाली. गालात एका वेळी मावतं तेवढंच मावतं, गाल बधिर झाला की आणखी भरावंसं वाटत नाही, राख जास्त झाली तर तोंड पोळतं. पावडरचा एक ग्रॅम मात्र खिशातल्या छोट्या पुडीत मावतो आणि एका रात्रीत संपू शकतो.

पावडरमध्ये मात्रेचा अंदाजही राहत नाही. पान डोळ्यांना पान दिसतं. पुडीत काय आहे ते कुणालाच माहीत नसतं, विकणाऱ्यालाही नाही. गेल्या काही वर्षांत अनेक देशांत पकडलेल्या कोकेनमध्ये लेव्हामिसोल हे जंतांवरचं औषध मिसळलेलं आढळलं. त्यामुळे काहींच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात. उत्तर अमेरिकेत तर फेंटानिलची भेसळ जीवघेणी ठरली आहे. हे प्रश्न पानाच्या बाबतीत उद्भवतच नाहीत.

हृदयाचं नुकसान बऱ्याचदा सवय लागण्याची वाट पाहत नाही. अमेरिकेत हृदयविकाराच्या रुग्णांवर १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कोकेन घेतल्यानंतरच्या पहिल्या तासात झटक्याचा धोका सुमारे २४ पट वाढतो, असं आढळलं. सोबत दारू असेल तर यकृतात कोकाएथिलीन हे तिसरंच द्रव्य तयार होतं. ते कोकेनपेक्षा जास्त वेळ टिकतं आणि हृदयावरचा ताण लांबवतं.

एकाच देशात झालेला नकळत प्रयोग

"अँडीजमधल्या लोकांची प्रकृतीच वेगळी, त्यांना सवय आहे," असा युक्तिवाद कुणी करील. त्याला उत्तर पेरूच्या राजधानीत, लिमामध्ये मिळालं. १९७०च्या दशकात तिथल्या तरुणांमध्ये कोका पेस्ट ओढण्याचं प्रमाण वाढलं. पानापासून पावडर बनवताना मध्येच तयार होणारा हा ओबडधोबड पदार्थ. तो सिगारेटमध्ये भरून ओढतात. देश तोच, झाडही तेच आणि मूळ द्रव्यही तेच. तरीही थोड्याच काळात रुग्णालयांत असे रुग्ण येऊ लागले, जे एका बैठकीत सिगारेटमागून सिगारेट ओढत, झोप-जेवण विसरत, संशयाने पछाडत आणि पैसे संपल्यावरच थांबत. मानसोपचारतज्ज्ञ राउल हेरी यांनी या रुग्णांची सविस्तर नोंद केली. त्याच वेळी डोंगरांत लाखो शेतकरी आणि खाणकामगार पिढ्यान्‌पिढ्यांप्रमाणे पानं चघळत होते आणि तिथून असं चित्र येत नव्हतं.

मुंबईकरांना ठाऊक नसलेला असाच एक प्रयोग भारतातही होऊन गेला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकाता, दिल्ली आणि मुंबईत कोकेन विड्यातून खाल्लं जाई. युरोपातल्या कारखान्यांत बनलेली शुद्ध पावडर चोरट्या मार्गाने यायची आणि चुना लावलेल्या पानात चिमूटभर घातली जायची. गाल तोच, चुनाही तोच, म्हणजे मार्ग जवळपास अँडीजवाल्यांचाच. तरीही इथे व्यसन फोफावलं आणि ब्रिटिश सरकारला निर्बंध आणावे लागले. कारण विड्यात हिरव्या पानांचा लगाम नव्हता. आज एक चिमूट, उद्या दोन, परवा चार, आणि विड्याचा आकार तेवढाच. मार्ग सौम्य असला, तरी द्रव्य शुद्ध असेल तर मात्रा वाढवायला कुणी अडवत नाही, हे या विड्याने दाखवून दिलं. पानाचं सौम्यपण त्याच्या मंद वेगात आहे आणि त्याच्या आकारमानातही. दोन्हींतलं एक काढलं की गणित बदलतं.

मग सवय लागते की नाही?

पावडरबद्दलचं चित्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे. अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीत, आयुष्यात कधीतरी कोकेन घेतलेल्या दर सहा जणांपैकी साधारण एकाला पुढे त्याचं व्यसन लागल्याचं दिसलं. व्यसन सुटताना दारूसारखी थरथर किंवा झटके येत नाहीत, त्यामुळे "हे शारीरिक व्यसन नाही" असं पूर्वी म्हटलं जाई. प्रत्यक्षात माणूस दिवसेंदिवस झोपतो, खा-खा सुटते, मन काळवंडतं, कशातच रस वाटत नाही आणि तलफ आठवडेच्या आठवडे परत येते. घरच्यांना आधी दिसणाऱ्या खुणा वेगळ्या असतात: रात्र रात्र जागरण आणि मग दोन दिवस झोप, सतत चोंदलेलं किंवा रक्त येणारं नाक, विनाकारण संशय आणि हिशेब न लागणारा खर्च. भारतात अशा वेळी १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर मोफत सल्ला मिळतो.

पानाबद्दल तज्ज्ञांमध्येच एकमत नव्हतं. संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या चौकशी आयोगाने १९५० साली, पानं चघळण्याला वैद्यकीय अर्थाने व्यसन म्हणता येत नाही, पण ती एक हानिकारक सवय आहे, असा निष्कर्ष काढला. त्यानंतर थोड्याच वर्षांत जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने मात्र तिला व्यसनच ठरवलं. पुढे १९६१च्या आंतरराष्ट्रीय कराराने पानालाही कोकेनच्याच यादीत बसवलं आणि चघळण्याची प्रथा २५ वर्षांत बंद करायला सांगितलं. ती बंद झाली नाही. बोलिव्हिया या करारातून २०१२ साली बाहेर पडला आणि आपल्या देशात पारंपरिक वापर चालू राहील, अशी अट घालून २०१३ साली परत आला.

प्रत्यक्ष निरीक्षण असं, की नेहमी बार भरणारी माणसं डोंगर उतरून शहरात राहायला आली की बहुतेकदा फार त्रास न होता तो सोडतात, आणि वर्षानुवर्षं त्यांची मात्रा फारशी वाढत नाही. तरी "काहीच होत नाही" हेही खरं नाही. नाडी आणि रक्तदाब थोडा वाढतो. चुना किंवा राखेने हिरड्या आणि गालाची आतली त्वचा खराब होते. भूक मारली जाते, जी मुळातच अर्धपोटी असलेल्या माणसासाठी चांगली गोष्ट नव्हे. हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर पानही टाळलेलंच बरं.

शिवाय पानाचं रूपही बदलतंय. बोलिव्हियात सध्या 'कोका माचुकादा' तरुणांमध्ये लोकप्रिय आहे. यात पानं ठेचून त्यात सोडा, गोड चव आणि वेगवेगळे स्वाद मिसळतात. ठेचलेल्या पानातून द्रव्य लवकर सुटतं, गोडव्यामुळे जास्त खाल्लं जातं, आणि रात्रीच्या ड्रायव्हरपासून कॉलेजच्या मुलांपर्यंत सगळे ते तोंडात धरून असतात. ही अजून पावडर नव्हे, पण आजोबांच्या बाराइतकी संथही नव्हे. याउलट कोलंबियाच्या अॅमेझॉनमधली 'माम्बे' ही हिरवी भुकटी पाहून सोशल मीडियावर लोक दचकतात. ती मात्र भाजून कुटलेली पानं आणि राख एवढंच असतं. भुकटी दिसली म्हणजे कोकेन पावडर, असं नाही.

चाचणीला फरक कळत नाही

शरीराला पान आणि पावडर यांतला फरक कळतो, लघवीच्या नेहमीच्या चाचणीला नाही. दोन्हींचं शरीरात बेन्झॉइलएक्गोनिन बनतं आणि चाचणी तेवढंच शोधते. कोका चहाच्या एका पिशवीत साधारण एक ग्रॅम पानं आणि ५ मिलिग्रॅमच्या आसपास कोकेन असतं. त्याने झिंग येत नाही, पण एका कपानंतर वीस तासांनीही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. पेरूचा फुटबॉल कर्णधार पाओलो गेरेरो याच्या नमुन्यात ऑक्टोबर २०१७च्या अर्जेंटिनाविरुद्धच्या सामन्यानंतर हेच द्रव्य सापडलं. ते चहातून नकळत आलं, असं त्याचं म्हणणं होतं. कामगिरी वाढवण्याचा त्याचा हेतू नव्हता, हे क्रीडा लवादाने मान्य केलं, तरी बंदी १४ महिन्यांची केली. स्वित्झर्लंडच्या न्यायालयाने ती तात्पुरती थांबवल्यामुळेच तो २०१८चा विश्वचषक खेळू शकला. खास प्रयोगशाळा हायग्रिन आणि कस्कोहायग्रिन ही पानातली इतर अल्कलॉइड शोधून पान की पावडर याचा अंदाज बांधू शकतात. नोकरीच्या किंवा विमानतळावरच्या साध्या चाचणीत एवढं कुणी करत नाही.

पेरूहून परतणाऱ्या पर्यटकाच्या बॅगेतल्या चहाच्या पाकिटाचा प्रश्न त्यामुळे गमतीचा राहत नाही. भारताच्या १९८५च्या एनडीपीएस कायद्यात कोकाचं झाड, कोकाचं पान आणि त्यापासूनचे पदार्थ यांच्या स्वतंत्र व्याख्या आहेत. पानाच्या व्याख्येत ०.१ टक्क्यापेक्षा जास्त कोकेन नसलेल्या मिश्रणांना सूट आहे. कुस्कोच्या दुकानात उघडपणे मिळणाऱ्या त्या पिशवीत नुसतं पानच असतं आणि त्यातलं प्रमाण या मर्यादेच्या कित्येक पट भरतं.